पोर्टफोलिओसाठी फुकटचं सबडोमेन की स्वतःचं डोमेन? नाशिकच्या स्टुडंट्ससाठी सगळं स्टेप बाय स्टेप

आधी उत्तर सांगून टाकतो, कारणं नंतर. फर्स्ट किंवा सेकंड इयरला असाल तर डोमेनवर एक रुपयाही घालवू नका, फुकटचं सबडोमेन घ्या आणि साइटमधे काम टाकत रहा. लास्ट इयरला असाल, सीव्ही पाठवायची वेळ आली असेल आणि पुढची तीन-चार वर्षं दरवर्षी सातशे-हजार रुपये भरायची तयारी असेल तर स्वतःचं डोमेन घ्या. पण दोन्ही केसमधे प्लॅटफॉर्म असा निवडा जो उद्या तुमचं डोमेन फुकटात जोडू देतो. सगळी गोम इथेच आहे, आणि बहुतेक जण नेमकं हेच बघत नाहीत.

सबडोमेन म्हणजे गिटहबवर साइट टाकली की मिळणारं `tumchanaav.github.io`, ब्लॉगरवरचं `tumchanaav.blogspot.com`, नेटलिफायचं `tumchanaav.netlify.app`. यात शेवटचा भाग कंपनीचा असतो, तुमचा फक्त पुढचा तुकडा. स्वतःचं डोमेन म्हणजे `tumchanaav.in`, जे दरवर्षी पैसे भरून तुमच्या नावावर रहातं. मोबाईल नंबर पोर्ट करतो ना आपण, कंपनी बदलली तरी नंबर तोच, तसं आहे हे. साइट आज गिटहबवर, उद्या दुसरीकडे, पत्ता तोच. सबडोमेनला ही सोय नाही, प्लॅटफॉर्म सोडला की पत्ताही सुटला, आणि सीव्हीच्या ज्या पीडीएफ पाठवून झाल्यात त्या काय आपण परत मागवू शकत नाही.

बाकी "फुकटचा पत्ता बघून एचआर नाक मुरडतात" वगैरे जे सांगतात त्यात फार दम नाही असं माझं मत. निदान डेव्हलपरच्या पोर्टफोलिओला तरी `github.io` बघून कोणी नाक मुरडत नाही, उलट कोड कुठे आहे ते लगेच कळतं. खटकतं ते वेगळंच. विक्सच्या फुकट प्लॅनवर पत्ता `username.wixsite.com/sitename` असा लांबलचक येतो आणि साइटवर त्यांची जाहिरातीची पट्टी येते. फोटोग्राफी नाहीतर इंटिरियरचं काम दाखवताना ती पट्टी डोळ्यात खुपते.

प्लॅटफॉर्म निवडताना एकच प्रश्न

फुकटच्या प्लॅनवर स्वतःचं डोमेन जोडता येतं का? गिटहब पेजेस, नेटलिफाय, व्हर्सेल, ब्लॉगर, गुगल साइट्स या सगळ्यांवर येतं, खर्च फक्त डोमेनचा. विक्स आणि वर्डप्रेस डॉट कॉमवर त्यासाठी पेड प्लॅन घ्यावा लागतो, आणि प्लॅनचा खर्च डोमेनच्या कितीतरी पट होतो. म्हणजे सुरुवातीला दोन्ही फुकटच दिसतात, फरक दोन वर्षांनी कळतो, जेव्हा अख्खी साइट तिथे बनवून झालेली असते आणि हलवायचा कंटाळा येतो.

कोडिंग येत नसेल तर गुगल साइट्स किंवा ब्लॉगर चालेल. थोडंफार एचटीएमएल येत असेल तर गिटहब पेजेस घ्या, पुढचं सगळं मी त्यावरच सांगतोय.

एक केस घेऊ

सिडकोत रहाणारा, गंगापूर रोडच्या कॉलेजमधे बीसीए लास्ट इयरचा मुलगा धरा. प्रोजेक्ट तीन आहेत, त्यातला एक भारी आहे, निफाडच्या काकांच्या द्राक्षबागेत कुठल्या तारखेला कुठली फवारणी झाली याची नोंद ठेवणारं छोटं ॲप. अर्ज अंबड-सातपूरच्या दोन-चार आयटी कंपन्यांना आणि बाकी पुण्याला करायचेत.

पहिलं काम युजरनेम. त्याचं गिटहबचं युजरनेम अकरावीत घेतलेलं, गेमच्या नावाचं आणि पुढे चार आकडे. गिटहब पेजेसचा पत्ता युजरनेमवरूनच बनतो, म्हणून हे आत्ताच बदलायचं, पत्ता कुठेही द्यायच्या आधी. नंतर बदललं तर साइटचा जुना पत्ता नव्याकडे आपोआप जात नाही, शिवाय सोडलेलं युजरनेम दुसरं कोणीही घेऊ शकतं. नावात अक्षरं, आकडे आणि हायफन चालतात, अंडरस्कोर चालत नाही. फोनवर सांगून बघा, समोरच्याला एका फटक्यात लिहिता आलं पाहिजे. आपल्याकडे स्पेलिंगचा घोळ असतोच, आ ला एक a की दोन, व ला v की w, तर जे मार्कशीटवर आहे तेच ठेवा.

मग `tumchanaav.github.io` याच नावाची रिपॉझिटरी, म्हणजे गिटहबवरचं प्रोजेक्टचं फोल्डर, बनवायची, नाव तंतोतंत हेच, तुमचं युजरनेम टाकून. फुकटच्या अकाउंटवर ती पब्लिक ठेवावी लागते, त्यामुळे त्यात मार्कशीटचा स्कॅन, घरचा पत्ता, एखादी एपीआय की असलं काही जाऊ देऊ नका. आत `index.html` टाका, `Settings` मधे `Pages` उघडा, `Deploy from a branch` निवडून `main` आणि `/(root)` सेव्ह करा. थोड्या वेळात साइट उघडते. पब्लिश झालेली साइट १ जीबीच्या आत ठेवायची आणि महिन्याला १०० जीबी ट्रॅफिक ही त्यांची मर्यादा, पोर्टफोलिओ तिथपर्यंत जाणारच नाही, फक्त कॅमेऱ्यातले आठ-दहा एमबीचे फोटो जसेच्या तसे चढवू नका म्हणजे झालं.

सेकंड इयरवाल्यांनी इथेच थांबायचं. खरंच. साइट आहे, कुलूपवालं एचटीटीपीएस आहे, खर्च शून्य.

डोमेन विकत घेताना

आपला बीसीएवाला पुढे जातो. दुकानात म्हणजे रजिस्ट्रारच्या साइटवर मोठ्ठ्या अक्षरात लिहिलेलं असतं "१४९ रुपये". ती पहिल्या वर्षाची किंमत. बघायची असते ती रिन्यूअलची, ती बारीक अक्षरात नाहीतर कार्टमधे गेल्यावर दिसते. हिशोब करून बघू. समजा एकीकडे पहिलं वर्ष १४९ आणि नंतर ८९९, दुसरीकडे दरवर्षी सरळ ५७९. तीन वर्षांचे पहिलीकडे १९४७, दुसरीकडे १७३७. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की अंदाजे २२९७ आणि २०५०. म्हणजे १४९ वालंच महाग पडलं. आकडे मी उदाहरणाला घेतलेत, तुम्ही घ्याल तेव्हाचे टाकून हाच हिशोब करा, तीन वर्षांचाच करा.

कार्टमधे आणखी गंमत असते. होस्टिंग, ईमेल, एसएसएल, साइट बिल्डर, सगळं आधीच टिक करून ठेवलेलं. सगळं काढा. होस्टिंग गिटहब देतंय, एसएसएल म्हणजे ते कुलूप पण फुकट मिळतंय. फक्त डोमेन ठेवा.

शेवटी काय घ्यायचं, `.in` की `.com`? नावाचं `.com` शिल्लक असेल आणि थोडे जास्त पैसे परवडत असतील तर घ्या, नाहीतर `.in` मस्त आहे, लोकांना माहितीचं आहे आणि बहुतेक वेळा स्वस्त पडतं. `.xyz` वगैरे पहिल्या वर्षी कवडीमोल मिळतात, रिन्यूअल बघितलंत की उत्साह मावळेल. `.in` चं रजिस्ट्रेशन निक्सी ही आपल्या देशातली संस्था बघते, त्यामुळे ओळखपत्र मागितलं तर दचकू नका, नाव आणि पत्ता मात्र खरा टाका. आणि ते फुकटचं `.tk`, `.ml` घेण्याचे जुने व्हिडिओ अजून फिरतायत, त्यांच्या नादी लागू नका. ते वाटणाऱ्या फ्रीनॉमने २०२३ मधे नवीन रजिस्ट्रेशन थांबवलं आणि २०२४ मधे या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं.

गिटहबचा स्टुडंट पॅक असतो, कॉलेजच्या आयडीवर मिळतो, त्यात पार्टनर कंपन्यांकडून एखादं डोमेन एक वर्ष फुकट मिळत आलंय. ऑफर बदलत असतात, घेताना बघून घ्या, आणि दुसऱ्या वर्षी पूर्ण पैसे लागतात हे विसरू नका. त्या डोमेनचं रिन्यूअल आधी बघून पटलं तरच सीव्हीवर टाका.

दोन गोष्टी मात्र पक्क्या करा. एक, अकाउंट तुमच्याच नावाने आणि तुमच्याच ईमेलवर. कोणी ओळखीचा "तीन हजारात साइट करून देतो, डोमेन मीच घेतो" म्हणाला तर डोमेन त्याच्या अकाउंटमधे रहातं, आणि ज्याच्या अकाउंटमधे त्याच्या हातात. दोन, कॉलेजने दिलेला ईमेल वापरू नका. पास आउट झाल्यावर तो बंद झाला की रिन्यूअलचे मेल, पासवर्ड रिसेट, सगळं त्या बंद पेटीत जातं. घेतल्यानंतर ईमेल व्हेरिफाय करायची लिंक येते, `.com` सारख्या डोमेनला ती १५ दिवसात क्लिक केली नाही तर डोमेन सस्पेंड होतं आणि आपण साइट का उघडत नाही म्हणून कोडमधे शोधत बसतो.

जोडणी, याच क्रमाने

बहुतेक जण आधी रजिस्ट्रारकडे जाऊन सेटिंग करतात आणि मग गिटहबला सांगतात. उलटं करा. आधी गिटहबच्या तुमच्या अकाउंटच्या `Settings` मधे (रिपॉझिटरीच्या नाही) `Pages` मधे जाऊन `Add a domain` करा. ते एक `TXT` रेकॉर्ड देतील, तो रजिस्ट्रारच्या डीएनएस पानावर, म्हणजे डोमेन कुठे वळवायचं ते जिथे लिहितात तिथे, टाकायचा आणि परत येऊन `Verify` दाबायचं. हे का, तर डोमेन गिटहबकडे वळवलेलं आहे पण तिथे कोणी हक्क सांगितलेला नाही अशा अवस्थेत दुसराच कोणी आपल्या रिपॉझिटरीत तुमचं डोमेन टाकून तिथे त्याची साइट दाखवू शकतो. व्हेरिफाय केलं की ते दार बंद. तो `TXT` रेकॉर्ड नंतर काढू नका.

मग रिपॉझिटरीच्या `Settings`, `Pages` मधे `Custom domain` च्या खान्यात `tumchanaav.in` टाकून सेव्ह.

आता रजिस्ट्रारचं डीएनएस पान. तिथे आधीच `@` समोर एक `A` रेकॉर्ड असतो, तो त्यांच्या "लवकरच येत आहे" छाप जाहिरातीच्या पानाचा. तो उडवा. मग हे पाच टाका:

```
A      @     185.199.108.153
A      @     185.199.109.153
A      @     185.199.110.153
A      @     185.199.111.153
CNAME  www   tumchanaav.github.io
```

`@` म्हणजे नुसतं डोमेन, पुढे काही न लावता. `CNAME` च्या ओळीत तुमचं गिटहबचं पान, `https://` न लावता आणि मागे रिपॉझिटरीचं नाव न जोडता. नेमसर्व्हर नावाचा जो भाग असतो त्याला हात लावू नका, तो बदलला तर हे रेकॉर्ड ज्या पानावर टाकले ते पानच गैरलागू होतं.

लागलीच उघडणार नाही, कधी दहा मिनिटं, कधी एक दिवस. झालंय का ते ब्राउझरमधे रिफ्रेश मारून कळत नाही कारण ब्राउझर जुनं धरून ठेवतो, विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाका:

```
nslookup tumchanaav.in 8.8.8.8
```

वरचं `8.8.8.8` सोडून उत्तरात ते चार आकडे आले की डीएनएसचं काम झालं. चारच्या जोडीला पाचवा अनोळखी आकडा आला तर जुना रेकॉर्ड राहिलाय, मग साइट कधी तुमची दिसते कधी जाहिरातीची, मित्राकडे चालते आपल्याकडे नाही असा प्रकार होतो. `www` लावून उघडतच नसेल तर डीएनएसच्या खान्यात `www` च्या ऐवजी पूर्ण `www.tumchanaav.in` लिहिलंय का बघा, काही रजिस्ट्रार मागे परत डोमेन जोडतात आणि रेकॉर्ड भलत्याच नावाचा बनतो.

यानंतर `Pages` मधे `Enforce HTTPS` ची टिक करायची. सुरुवातीला ती फिकट असते, दाबताच येत नाही, कारण सर्टिफिकेट बनत असतं. तोपर्यंत ब्राउझर "नॉट सिक्युअर" दाखवेल, घाबरू नका, पण सीव्हीही पाठवू नका. २४ तासांनंतरही फिकटच असेल तर डोमेन त्या खान्यातून काढून परत टाका, बऱ्याचदा तेवढ्याने सुटतं.

आणि एक छान गोष्ट, जुना `tumchanaav.github.io` पत्ता आता आपोआप नव्याकडे वळतो. आधी पाठवलेल्या सीव्हीवरची लिंक मरत नाही. म्हणूनच म्हटलं सुरुवात फुकटात करा, काही वाया जात नाही.

चालू साइट अचानक डोमेनवरून गायब होते ती

हे फार होतं म्हणून वेगळं सांगतो. डोमेन सेव्ह केलं की गिटहब तुमच्या रिपॉझिटरीत `CNAME` नावाची छोटी फाईल टाकतं, आत एकच ओळ, तुमचं डोमेन. तुम्ही लॅपटॉपवर `git pull` न करता जुन्याच फोल्डरवरून फोर्स पुश मारलं की ती फाईल उडते आणि डोमेनवर ४०४ येतं. रिॲक्टवाल्यांचं तर दर डिप्लॉयला होतं, `gh-pages` पॅकेज त्या ब्रँचमधलं जुनं सगळं पुसून नवीन टाकतं. उपाय सोपा, `public` फोल्डरमधे `CNAME` नावाची फाईल स्वतः बनवून ठेवा, एक्स्टेन्शन काही नाही, आत फक्त `tumchanaav.in`. मग प्रत्येक बिल्डमधे ती जाते.

दुसरा प्रकार, साइट उघडते पण सगळी डिझाईन गेलेली, नुसता मजकूर. साइट आधी `tumchanaav.github.io/portfolio/` वर असेल तर सीएसएसच्या लिंकमधे `/portfolio/` असतं, आणि त्याच रिपॉझिटरीला डोमेन जोडलं की तो तुकडा पत्त्यातून जातो. लिंकमधूनही तो काढला की झालं.

साइट विक्सवरच आहे, हलवायची नाही

तर पेड प्लॅन न घेता एक मधला रस्ता आहे. डोमेन घ्या आणि रजिस्ट्रारच्या फॉरवर्डिंगने ते तुमच्या लांब पत्त्याकडे वळवा. सीव्हीवर `tumchanaav.in` छापायचं, क्लिक केलं की `wixsite` वालं पान उघडतं. पत्ता वर लांबच दिसेल आणि पट्टीही राहील, पण सीव्हीवरचा पत्ता तुमच्या हातात आला, उद्या साइट हलवलीत तर फॉरवर्डिंग बदलायचं बस. बिहान्सवाल्या डिझाईनच्या पोरांना मी हेच सुचवतो. फॉरवर्डिंगमधे "मास्किंग" नावाचा पर्याय दिसतो तो घेऊ नका, तो तुमचं पान एका फ्रेममधे कोंबतो, मोबाईलवर वाट लागते आणि काही साइट फ्रेममधे उघडूच देत नाहीत. आणि `https://` लावून उघडून नक्की तपासा, सगळे रजिस्ट्रार फॉरवर्डिंगला सर्टिफिकेट देतात असं नाही.

रिन्यूअल, जिथे खरी गडबड होते

"ऑटो रिन्यू ऑन आहे" यावर विसंबू नका. २०२१ च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे नियम लागू आहेत, त्यात मँडेट नीट नोंदवलेलं नसेल तर कार्डवरून आपोआप पैसे कापले जात नाहीत, आणि परदेशी रजिस्ट्रारकडे हे हमखास अडतं. फोनच्या कॅलेंडरमधे संपायच्या तारखेआधी एक महिन्याचा रिमाइंडर लावा. जमत असेल तर एकदम तीन वर्षांचे भरा, नोकरीच्या पहिल्या वर्षाच्या धावपळीत हे आठवत नाही. तेही विद्यार्थी असताना जड वाटत असेल तर डोमेन पुढच्या वर्षी घ्या, घाई नाही.

`.com` संपलं की काही दिवस नेहमीच्या किमतीत परत घेता येतं, हे किती दिवस ते रजिस्ट्रारवर असतं. मग ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ येतो, त्यात परत मिळवायला मोठा दंड पडतो. त्यानंतर ५ दिवसांनी ते सगळ्यांसाठी खुलं. `.in` चंही साधारण असंच, मुदती रजिस्ट्रारकडे बघून घ्या. खुलं झालेलं डोमेन, ज्याला आधीच इकडून तिकडून लिंक आहेत, ते सट्टा-जुगाराच्या साइटवाले उचलतात. म्हणजे तुमच्या जुन्या सीव्हीवर क्लिक केलं तर रमी उघडणार. फुकटच्या सबडोमेनला निदान ही भीती नाही, अकाउंट तुमचं आहे तोवर ते पडून रहातं. म्हणून भरत रहायची खात्री नसेल तर न घेतलेलं बरं.

आणि सोडायचंच ठरवलं तर गपचूप संपू देऊ नका. मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी लिंक्डइन, गिटहब प्रोफाइल, सीव्ही, इन्स्टाच्या बायोमधून पत्ता बदलून `github.io` वाला टाका, मग `Custom domain` चं खानं रिकामं करा म्हणजे जुना पत्ता वळायचा थांबून परत सरळ उघडेल, आणि रजिस्ट्रारकडचे ते चार `A` आणि एक `CNAME` पुसा. त्या डोमेनच्या ईमेलवर कुठली अकाउंट उघडली असतील तर ती आधी जीमेलवर घ्या, कारण डोमेन ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे तुमचे पासवर्ड रिसेटचे मेलही जातील.